मोर, साप आणि पाठलागाचं वर्तुळ

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त मोर आणि सापाचं एक उदाहरण आहे. नऊ हात उंच खांबावर मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ आहे. खांबापासून सत्तावीस हातांवर मोराला साप दिसतो. साप बिळाकडे निघालेला असतो. मोर तिरपा झेपावतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं, तर बिळापासून किती हातांवर मोर सापाला गाठेल?

ग्रंथ ११५० सालचा, पण उत्तर काढायची रीत आजही तशीच चालते. खांबाच्या उंचीचा वर्ग ८१, त्याला सत्ताविसानं भागलं की ३. सत्ताविसातून ३ वजा केले की २४, आणि त्याचं निम्मं १२. म्हणजे बिळापासून बारा हातांवर. पडताळा घ्यायला सोपा आहे. साप सत्तावीस वजा बारा, म्हणजे पंधरा हात सरपटला. मोराची झेप हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण. ९ चा वर्ग ८१, १२ चा १४४, बेरीज २२५, आणि वर्गमूळ पुन्हा पंधरा.

या गणितात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे दोघांचा वेग सारखाच. मोर आणि साप यांना जोडणारी रेषा काढून तिच्या मध्यावर लंब टाकला, तर त्या लंबावरचा प्रत्येक बिंदू दोघांपासून सारख्याच अंतरावर असतो. शाळेत त्याला लंबदुभाजक म्हणतात. तो जमिनीला जिथे छेदतो तिथे भेट होते. पण सरळ रेषेला टोक नसतं आणि ती कुणाला कोंडूनही ठेवू शकत नाही. साप बिळाकडे न जाता उलटा फिरला आणि पळत सुटला, तर त्याच्याच वेगाचा मोर त्याला जन्मात गाठू शकणार नाही. भास्कराचार्यांच्या सापाला हे सुचलं नाही, हे मोराचं नशीब.

आता मोराचा वेग सापाच्या दुप्पट करू. खरं तर झेप घेणारा पक्षी सरपटणाऱ्या सापापेक्षा वेगवान असणंच स्वाभाविक. भेट बिळापासून क्ष हातांवर झाली असं धरलं, तर मोराची झेप ही सापाच्या अंतराच्या दुप्पट हवी. समीकरण मांडलं की ते वर्गसमीकरण निघतं आणि त्याला दोन उत्तरं येतात. एक साधारण सव्वासतरा हात, दुसरं जवळपास पावणेपंचावन्न हात. शाळेच्या सवयीनं दुसरं उत्तर आपण ‘अयोग्य’ म्हणून खोडून टाकतो. इथे ते खोडायचं नाही. साप सत्तावीस हातांवर होता. पावणेपंचावन्न हात म्हणजे तो उलटा फिरून बिळापासून दूर पळाला आणि आणखी सुमारे पावणेअठ्ठावीस हात गेल्यावर मोरानं त्याला धरलं. बिळाकडे गेला तर सव्वासतरावर, उलटा पळाला तर पावणेपंचावन्नवर. दोन्ही दिशांना कुंपण आहे.

हे कुंपण नुसतं दोन बिंदूंचं नाही. मोराच्या आणि सापाच्या मूळ जागांपासूनची अंतरं दोनास एक या प्रमाणात असलेले सगळे बिंदू एका उभ्या पातळीत शोधले, तर त्यांचं नेमकं एक वर्तुळ तयार होतं. आपल्या उदाहरणात त्याचं केंद्र बिळापासून छत्तीस हातांवर आणि जमिनीच्या तीन हात खाली येतं. जमीन त्या वर्तुळाला दोन ठिकाणी कापते, म्हणून उत्तरं दोन.

वेग सारखे असतात तेव्हा सरळ रेषा, आणि वेगांत फरक पडला की ती वाकून बंद होते. शिवाय ती बंद होते ती मंद प्राण्याभोवती. वर्तुळाच्या आत साप आधी पोचतो, बाहेर मोर आधी, आणि काठावर दोघं एकाच क्षणी.

या वर्तुळाला अपोलोनियसचं वर्तुळ म्हणतात. पेर्गा गावचा हा ग्रीक भूमितिज्ञ इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेला. पेर्गा आज तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ येतं. शंकूच्या छेदांवरचा त्याचा ग्रंथ गाजला, पण या वर्तुळाची चर्चा ज्या पुस्तकात होती ते हरवलं. त्यात काय होतं ते आपल्याला नंतरच्या ग्रीक टीकाकारांकडून कळतं. गंमत अशी, की ही गोष्ट अपोलोनियसच्या आधी शंभरएक वर्षं अ‍ॅरिस्टॉटलला ठाऊक होती. हवामानावरच्या आपल्या ग्रंथात इंद्रधनुष्य गोल का दिसतं हे सांगताना त्यानं हाच गुणोत्तराचा मुद्दा वापरला. इंद्रधनुष्याचं त्याचं स्पष्टीकरण पुढे टिकलं नाही, भूमिती मात्र टिकली. नाव पडलं दुसऱ्याचंच. गणितात असं होतच असतं.

वर्तुळच का, लंबगोल का नाही, हे समजायला दहावीची भूमिती पुरते. हात मोजायला सोपे आकडे घेऊ. कागदावर अ आणि ब हे बिंदू सहा सेंटिमीटर अंतरावर काढा. अ पासूनचं अंतर हे ब पासूनच्या अंतराच्या दुप्पट असलेले बिंदू हवे आहेत. त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेवरच असे दोन बिंदू चटकन सापडतात. एक दोघांच्या मध्ये, अ पासून चार आणि ब पासून दोन सेंटिमीटरवर. दुसरा ब च्या पलीकडे, अ पासून बारा आणि ब पासून सहावर. या दोन बिंदूंना च आणि छ म्हणू. बाकीचे बिंदू कंपासनं मिळतात. अ वर टोक ठेवून पाच सेंटिमीटरचा कंस, ब वर ठेवून अडीचचा, ते छेदतात तिथे एक बिंदू वर आणि एक खाली. मग सात आणि साडेतीन, नऊ आणि साडेचार, अकरा आणि साडेपाच. आठदहा खुणा झाल्या की गोलाई डोळ्यांना दिसू लागते.

आता त्यातला कोणताही एक बिंदू घ्या, त्याला प म्हणा, आणि प पासून अ व ब कडे रेषा काढा. त्रिकोणाच्या कोनाचा दुभाजक समोरच्या बाजूला उरलेल्या दोन बाजूंच्या प्रमाणात भागतो, हे प्रमेय दहावीला असतं. इथे त्या बाजू दोनास एक आहेत, म्हणून दुभाजक च मधूनच जाणार. कोनाच्या बाहेरच्या बाजूचा दुभाजक त्याच कारणानं छ मधून जातो. आतला आणि बाहेरचा दुभाजक एकमेकांशी नेहमी काटकोन करतात, कारण ते दोघे मिळून १८० अंशांच्या सरळ कोनाचे निम्मे निम्मे भाग घेतात. म्हणजे प कुठेही असो, च आणि छ यांच्याकडे त्याच्यापासून जाणाऱ्या रेषांमधला कोन ९० अंशच. आणि अर्धवर्तुळातला कोन काटकोन असतो, हे त्याच वर्षी घोकलेलं असतं. तेव्हा असे सगळे प मिळून च-छ हा व्यास असलेलं वर्तुळ बनतं. व्यास आठ, त्रिज्या चार, आणि केंद्र ब च्या पलीकडे दोन सेंटिमीटरवर.

केंद्र ब वर नाही, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. पुष्कळ जण पहिल्या कच्च्या आकृतीत वर्तुळ ब भोवती समान काढतात. खरं तर ते अ पासून दूर ढकललेलं असतं. अ कडच्या बाजूला ब ला दोनच सेंटिमीटर मोकळे मिळतात, पलीकडच्या बाजूला सहा.

आता सेंटिमीटरऐवजी सागरी मैल घ्या. अ वर गस्तीची बोट आहे, वेग ताशी वीस सागरी मैल. ब वर चोरटी बोट आहे, वेग दहा. मध्ये सहा मैलांचं पाणी. चोरटी बोट समोरून अंगावर आली तर बारा मिनिटांत गाठ पडते. सरळ उलटी पळाली तर छत्तीस मिनिटं लागतात. आडवी, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या रेषेशी काटकोनात गेली, तर ती जवळपास साडेतीन मैल जाते आणि साधारण एकवीस मिनिटांत धरली जाते.

पण धरली जाईल ती गस्तीच्या बोटीनं नाक बरोबर धरलं तरच. या आडव्या पलायनात गस्तीच्या बोटीनं चोराच्या दिशेनं नाही, तर चोराच्या पुढे ३० अंश कलवून निघायचं असतं. म्हणजे दोघी एकाच वेळी वर्तुळाच्या काठावर पोचतात. दुप्पट वेगाच्या बोटीला तीसपेक्षा जास्त अंश कधीच लागत नाहीत. चोरटी बोट कुठल्याही दिशेला जावो, ३० हा कमाल आकडा, आणि तो नेमका आडव्या पलायनाचा.

नवशिक्या सुकाणूवाल्याला हे पटत नाही. त्याचा हात आपोआप समोरच्या बोटीवर रोखला जातो. दर क्षणी चोराच्याच रोखानं नाक ठेवलं, तर गस्तीची बोट कमानीसारखी वळत वळत शेवटी त्याच्या शेपटामागे येते. वेगाच्या जोरावर ती गाठते खरी, पण एकवीसऐवजी चोवीस मिनिटांनी, आणि तोवर चोर साडेतीनऐवजी चार मैल गेलेला असतो. म्हणजे त्याला वर्तुळाच्या बाहेरची जागा फुकट मिळाली.

आपण चुकतो आहोत हे ओळखायचं कसं? कंपासवर समोरच्या बोटीची दिशा बघत राहायचं. ती दिशा स्थिर राहिली आणि अंतर कमी होत गेलं, तर दोघे एकाच बिंदूवर पोचणार आहेत. दिशा सरकू लागली, तर आपला रोख चुकला. गंमत म्हणजे टक्कर टाळण्यासाठी खलाशी हाच नियम उलट्या हेतूनं वापरतात. जहाजांच्या टकरी टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत सातवा नियम सांगतो, की जवळ येणाऱ्या जहाजाची कंपासवरची दिशा फारशी बदलत नसेल, तर टकरीचा धोका आहे असं समजावं.

चोर मध्येच वळला तर काय, हा प्रश्न इथे येतोच. शेवटी चोर काही शपथ घेऊन सरळ पळत नाही. त्याचं उत्तर मला या सगळ्या विषयातलं सर्वांत देखणं वाटतं. गस्तीची बोट आत्ताच्या हालचालीला योग्य असा रोख धरून चालली आहे असं समजा. पाच मिनिटांनी दोघींच्या नव्या जागांवरून नवं वर्तुळ काढा. ते पहिल्यापेक्षा लहान असतं, संपूर्णपणे पहिल्याच्या आत असतं, आणि त्याला फक्त एकाच ठिकाणी आतून टेकलेलं असतं. ते ठिकाण म्हणजे जिथे गाठ पडणार होती तोच बिंदू. आता चोर वळला, तर गस्तीनं नव्या वर्तुळाप्रमाणे नवा रोख धरायचा. पुन्हा पाच मिनिटांनी आणखी लहान वर्तुळ, तेही आधीच्याच्या आत. चोर कितीही वेळा वळो, पहिल्या क्षणी काढलेल्या वर्तुळाबाहेर त्याला पाऊल टाकता येत नाही.

पळणाऱ्यानंही हे वर्तुळ काढून बघायला हवं. समजा काटकोनातल्या त्या बाजूला, ३.७ मैलांवर, दोघींना जोडणाऱ्या रेषेला समांतर अशी सागरी हद्द आहे, आणि ती ओलांडली की गस्तीला पाठलाग सोडावा लागतो. चोरट्या बोटीला हद्दीचा सर्वांत जवळचा रस्ता सरळ आडवा, ३.७ मैलांचा. पण त्या रस्त्यावर ती साडेतीन मैलांच्या आतच धरली जाते. तिनं थोडं तिरपं, गस्तीपासून दूर कलत जावं. वर्तुळाचं केंद्र तिच्यामागे दोन मैलांवर आहे, त्या केंद्राच्या बरोबर समोरची हद्द गाठावी. तो रस्ता साधारण ४.२ मैलांचा, म्हणजे लांबचा. पण गस्तीच्या बोटीला तिथे पोचायला ८.८ मैल जावं लागतं, आणि चोराच्या ४.२ मैलांच्या वेळात तिचे ८.४ मैलच होतात. वर्तुळाचा वरचा भाग हद्दीच्या पलीकडे डोकावतो, म्हणून ही पळवाट उरते. हद्द चार मैलांच्या पुढे असती, तर वर्तुळ तिला शिवलंच नसतं आणि कोणताही रस्ता कामाचा नव्हता.

मोराच्या सापालाही हाच हिशेब लागू होतो. मोर खांबावर नऊ हात उंच, बीळ खांबाच्या बुडाशी. दुप्पट वेगाचा मोर असेल, तर बिळापासून साडेचार हातांच्या आत असलेला साप वाचतो. सारख्या वेगाचा असेल, तर नऊ हातांच्या आतला.

पाठलागाचं हे गणित पद्धतशीरपणे मांडलं ते अमेरिकेत रूफस आयझॅक्स यांनी. १९५० च्या दशकात रँड कॉर्पोरेशनमध्ये त्यांनी यावर काम केलं आणि त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये आला. शिकारी आणि शिकार दोघंही हुशार असतील, आणि दोघंही क्षणाक्षणाला आपली चाल बदलू शकत असतील, तर काय होईल, हा त्यांचा प्रश्न. त्या विचाराच्या पहिल्याच पायऱ्यांवर अपोलोनियसचं वर्तुळ येतं.

व्यवहारात हे वर्तुळ फसवतं ते वेग जवळजवळ सारखे असतात तेव्हा. अंतर सहा मैलच ठेवा. वेगांचं प्रमाण दोन असताना त्रिज्या चार मैल होती. शिकारी फक्त दहा टक्के वेगवान असेल, तर त्रिज्या एकतीस मैलांच्या पुढे जाते. एकच टक्का वेगवान असेल, तर तीनशे मैलांच्या पुढे. म्हणजे वेगाच्या अंदाजात थोडी जरी चूक झाली, तरी कुंपण कुठल्या कुठे सरकतं. समोरच्या बोटीनं आणखी जरा दम काढला, तर तुम्ही कागदावर काढलेलं वर्तुळ उघडून सरळ रेषाच होऊन बसते.

दुसरी अडचण उशिराची. शिकाऱ्याला हालायला दोन मिनिटं लागली आणि चोर तेवढ्यात निघाला, तर त्या दोन मिनिटांनंतरच्या जागांवरून नवं वर्तुळ काढलं पाहिजे. जुन्याच जागा धरून बसलं, तर एकाच वेळी पोचण्याचे बिंदू वर्तुळावर राहत नाहीत. ते अंड्यासारख्या एका आकारावर जातात, ज्याचा अभ्यास पुढे सतराव्या शतकात देकार्तनं केला. समुद्राच्या प्रवाहाची मात्र भीती नाही. प्रवाह दोघींना सारखाच वाहून नेतो, म्हणून वर्तुळ पाण्याबरोबर सरकतं, तुटत नाही. फक्त किनारा किंवा हद्द जागची हलत नाही, तेव्हा त्यांचा हिशेब सरकत्या वर्तुळाशी ताळा करून करावा लागतो.

आणि शिकारीच मंद असेल तर? मग वर्तुळ शिकाऱ्याभोवती बंद होतं आणि शिकार बाहेर मोकळी असते. आता तिच्या मार्गाची रेषा त्या वर्तुळाला छेदेल तरच गाठ पडू शकते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांची अवस्था हीच होती. त्या पृष्ठभागावर ताशी सतरा-अठरा सागरी मैल जात, पण बुडी मारली की सात-आठच, आणि तो वेगही तासभर टिकला तर टिकला. मग बॅटऱ्या संपत. ‘क्वीन मेरी’सारखी प्रवासी जहाजं त्या काळात एका खेपेला दहा-पंधरा हजार सैनिक नेत. त्यांचा वेग अठ्ठावीसच्या आसपास होता. ती बऱ्याचदा संरक्षक ताफ्याशिवाय एकटीच अटलांटिक ओलांडत, कारण त्यांच्याबरोबर टिकतील असे सोबती फारसे नव्हते आणि त्यांचा वेग हेच त्यांचं संरक्षण होतं.

आकडे बघा. पाणबुडी सात, जहाज अठ्ठावीस, प्रमाण चारास एक. शिकाऱ्याभोवतीच्या वर्तुळाला जहाजाच्या जागेवरून स्पर्शिका काढल्या, तर त्या मधल्या रेषेशी साडेचौदा अंशांचा कोन करतात. जहाजाच्या नाकापासून डाव्या-उजव्या बाजूला साडेचौदा अंशांच्या या अरुंद पंख्यात पाणबुडी आधीच बसलेली असेल, तरच तिला ते जहाज पाण्याखालून गाठता येईल. जहाज दहा मैलांवर असेल, तर पाणबुडी त्याच्या मार्गापासून अडीच मैलांच्या आत असायला हवी. टॉर्पेडोचा पल्ला जमेस धरला तर हा पंखा थोडा रुंद होतो, एवढंच. पंख्याबाहेरच्या पाणबुडीनं पूर्ण वेग लावला तरी उपयोग नाही. पेरिस्कोपमधून जहाज डोळ्यांदेखत निघून जाताना पाहायचं. शिवाय ही जहाजं दर थोड्या मिनिटांनी वाट बदलत नागमोडी जात. प्रत्येक वळणाला पंखा दुसऱ्याच पाण्यावर फिरे, आणि मघाशी बरोबर जागी असलेली पाणबुडी त्याच्याबाहेर पडे.